विषय: स्कूल बसचा चार्ट – 40 म्हणजे 40 मुलं, 40 महिने नव्हे

सर्व विश्वस्त मंडळींना नमस्कार,

परवाच्या मीटिंगमध्ये माधवनगर-बुधगाव-कवलापूर रूटच्या बसचा चार्ट दाखवला तेव्हा फीची रेषा आणि खर्चाची लाल रेषा 40 वर एकमेकींना छेदताना दिसल्या आणि मागून आवाज आला, "म्हणजे 40 महिन्यात गाडी फिटली, चौथ्या वर्षी दुसरी घेऊ." दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, पण चहा आला आणि विषय गाडीच्या रंगावर गेला. तर आता लिहून सांगतो, कारण हा घोळ मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खरेदीत बघतोय आणि खरं सांगायचं तर कंटाळलोय.

गाडी फिटणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कुणी उसाचा ट्रॅक्टर घेतलाय, कुणाची वडापची जीप होती, घातलेला पैसा किती वर्षात परत आला हा तो हिशोब आणि त्याचं उत्तर नेहमी वर्षात किंवा महिन्यात येतं. त्यावर जास्त बोलत नाही.

ब्रेक-इव्हन हा वेगळा प्रश्न आहे. एका वर्षात किती मुलं बसली तर त्या वर्षाचा खर्च त्याच वर्षाच्या फीमधून निघतो, एवढंच तो सांगतो. उत्तर मुलांमध्ये येतं. चार्टच्या खालच्या आडव्या रेघेवर 10, 20, 30, 40, 50 लिहिलंय ती मुलं आहेत, पण आपल्याला पावसाचे न् साखरेच्या भावाचे चार्ट बघायची सवय, त्यामुळे डावीकडून उजवीकडे गेलं की काळ पुढे सरकला असंच वाटतं. या चार्टमध्ये काळ नाहीच. पूर्ण चार्ट एकाच वर्षाचा आहे.

आकडे असे. फी महिना 2,000, दहा महिने, म्हणजे एका मुलामागे वर्षाला 20,000. त्यातून त्या मुलाचा विमा, पास, मेसेजचा खर्च असे 1,000 गेले की हातात 19,000 राहतात. आता मूल एक असो वा पन्नास, होणारच असा खर्च: ड्रायव्हर 1,80,000, गाडीवरच्या मावशी 84,000 (हे दोन्ही पगार बारा महिने, फी मात्र दहाच महिने, हे विसरू नका), विमा-पासिंग-टॅक्स 60,000, टायर आणि दुरुस्ती 56,000, डिझेल 2,00,000. झाले 5,80,000. त्यात घसारा 1,80,000, कारण 22 लाखाची गाडी दहा वर्षांनी 4 लाखाला जाईल असं धरलंय आणि मधले 18 लाख दहा वर्षांवर वाटलेत. एकूण 7,60,000. त्याला 19,000 ने भागा, 40 येतात. चार्टवर तिथे दोन्ही रेषा 8 लाखाला भेटतात.

(डिझेल मुलांप्रमाणे वाढत नाही का, असं विचारलं गेलं. नाही वाढत. कवलापूरला बारा मुलं असली तरी गाडी तेवढेच किलोमीटर जाते. म्हणून लाल रेषा जवळजवळ आडवी आहे, माझी चूक नाही.)

आता मुख्य गोष्ट, इथेच सगळे घसरतात. समजा बरोबर 40 मुलं आहेत. फायदाही नाही, तोटाही नाही. मग गाडी कधी फिटली? बहुतेकांचं उत्तर "फिटली की, ब्रेक-इव्हन झालं ना". चूक. घसारा हा कागदावरचा खर्च, तो कुणाच्या खिशात जात नाही, त्यामुळे 40 मुलं असतील तर बँकेत वर्षाला 1,80,000 शिल्लक पडतात. दहा वर्षात 18 लाख, आणि शेवटी गाडी विकून 4 लाख. 22 लाख पूर्ण. म्हणजे 40 मुलांवर गाडी फिटते ती ज्या दिवशी आपण ती विकतो त्या दिवशी, एक दिवसही आधी नाही. चाळीस महिन्यांनी बघितलं तर तेव्हा जेमतेम 6 लाख आलेले असतील.

45 मुलं असली तर वर्षाला हातात 2,75,000 येतात आणि गाडी 8 वर्षात फिटते. 50 भरली, म्हणजे सगळ्या सीट, तर साधारण 6 वर्षात. बघा, ब्रेक-इव्हन तिन्ही वेळा 40 च आहे, तो हलला नाही, फिटायचा काळ मात्र दहा वर्षांवरून आठ आणि मग सहा वर्षांवर आला. आणि 51 व्या मुलाला चार्टमध्ये जागा नाही, त्याला दुसरी गाडी लागते आणि लाल रेषा तिथे एकदम वर उडी मारते, म्हणून मी चार्ट 50 ला तोडलाय. कुणीतरी पेनाने पुढे रेषा ओढून 80 मुलांचा नफा काढला होता, कृपया असं करू नका.

उलट बाजूही सांगतो कारण तिच्यात जास्त धोका आहे. 31 मुलं असली तरी पगार, डिझेल, विमा सगळं निघतं, कुठलंही बिल थकत नाही, आणि गाडी "चालतीय की मस्त" असं वाटतं. पण दहा वर्षांनी नवीन गाडी घ्यायला पेटीत जवळपास काहीच नसतं. मी आधी जिथे होतो त्या संस्थेत नेमकं हेच झालं, सातव्या वर्षी इंजिनचं काम निघालं आणि पालकांकडून वर्गणी काढायची वेळ आली.

मग वर्षाच्या मध्ये कसं कळणार? जूनमध्ये मोजलेली मुलं धरू नका, दिवाळीनंतर निम्मे पालक रिक्षावाल्याशी बोलून टाकतात. मी दर महिन्याला फी भरलेली मुलं मोजून बेरीज करत जाणार. मार्चपर्यंत ती 400 व्हायला पाहिजे, चाळीस गुणिले दहा महिने. जून ते ऑक्टोबर 46 मुलं आणि पुढे 32 असं झालं तर 230 आणि 160, म्हणजे 390, साधारण वीस हजाराचा खड्डा, जूनच्या हजेरीवर मात्र सगळं झकास दिसत होतं. भावंडांना अर्धी फी दिली तर ते मूल अर्धंच धरायचं, यावर मी वाद घालणार नाही.

एक गोष्ट चार्टमध्ये नाही ती कबूल करतो. पैसे आपण ठेव मोडून देतोय, कर्ज नाही. ठेवीवर 7 टक्के धरले तर पहिल्या वर्षीच 1,54,000 व्याज बुडतं, ते खर्चात टाकलं तर छेद 49 वर जातो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गाडी. माझं मत, ते टाकावं. अध्यक्षसाहेबांचं मत, सोय म्हणून गाडी घेतोय तर नको. हा निर्णय तुमचा, पण दोन्ही आकडे समोर ठेवून घ्या.

शनिवारी नवीन प्रिंट आणतो. आडव्या रेघेखाली जाड अक्षरात "मुलांची संख्या" लिहिलंय, आणि गाडी फिटायचा हिशोब वेगळ्या कागदावर घेतलाय, दोन्ही एका पानावर पुन्हा छापणार नाही.

आपला,
अकाउंट्स विभाग