पोलादातलं तांबं आणि सळईवाल्यांची चढाई

नवप्रवर्तन व्यवस्थापनाच्या वर्गात ‘डिसरप्टिव्ह इनोव्हेशनचं उदाहरण द्या’ असा प्रश्न टाकला की बहुतेक उत्तरांत एकच चूक सापडते. जे नवं, जे चकचकीत, ज्याची जाहिरात मोठी, ते डिसरप्टिव्ह, असं विद्यार्थी धरून चालतात. दुप्पट वेगाची चिप, अंधारातही फोटो काढणारा कॅमेरा अशी उत्तरं येतात. ही सगळी सस्टेनिंग इनोव्हेशनची उदाहरणं आहेत. आधीच्याच ग्राहकाला, त्याला हवी तीच गोष्ट आणखी चांगली करून देणं म्हणजे सस्टेनिंग. डिसरप्टिव्ह गोष्ट सुरुवातीला मात्र बाजारातल्या मालापेक्षा चक्क हलक्या दर्जाची असते. चांगला ग्राहक तिला हातही लावत नाही. ती खालच्या, दुर्लक्षित कोपऱ्यात शिरते आणि तिथून वर चढते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी जोसेफ बोअर यांच्यासोबत १९९५ साली ही कल्पना मांडली, तेव्हा तिचा अर्थ एवढा नेमका होता.

हा अर्थ मनात पक्का बसवायचा तर मला अमेरिकेतल्या पोलाद उद्योगाइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. ख्रिस्टेन्सन यांनीही ते वापरलं आहे. पण व्यवस्थापनाच्या तासाला त्यातला नफ्याचा भाग तेवढा सांगतात आणि रसायनशास्त्राचा भाग सोडून देतात. खरं कोडं तर त्या रसायनशास्त्रातच आहे.

पोलाद करण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला खनिजापासूनचा. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी घालून कच्चं लोखंड काढायचं, मग दुसऱ्या भट्टीत ऑक्सिजन फुंकून त्यातलं जास्तीचं कार्बन जाळायचं. याला अवाढव्य कारखाना आणि प्रचंड भांडवल लागतं. दुसरा रस्ता भंगाराचा. ग्रॅफाइटच्या जाड कांड्यांमधून विजेचा चाप भंगारावर पाडायचा, ते सुमारे १६०० अंशांवर वितळवायचं आणि ओतायचं. या इलेक्ट्रिक आर्क भट्टीचा कारखाना लहान असतो, म्हणून त्याला मिनी मिल म्हणतात.

आता गंमत अशी की आर्क भट्टी काही नवी नव्हती. फ्रान्सच्या पॉल एरू यांनी ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच चालवून दाखवली होती. याउलट ऑक्सिजन फुंकण्याची पद्धत १९५२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे औद्योगिक पातळीवर आली. जुन्या ओपन हार्थ भट्टीत एका घाण्याला आठ-दहा तास लागायचे, ते काम या पद्धतीने पाऊण तासावर आणलं. एवढी मोठी झेप असूनही ती सस्टेनिंगच, कारण तेच मोठे कारखाने त्याच गिऱ्हाइकांना तेच पोलाद देत राहिले, फक्त अधिक वेगाने आणि स्वस्तात. उद्योग उलथवला तो जुन्या भट्टीने. तंत्रज्ञान किती नवं आहे, यावरून डिसरप्टिव्ह की सस्टेनिंग हे ठरत नाही.

मग मिनी मिलचं पोलाद हलक्या दर्जाचं का होतं? तांब्यामुळे.

भंगारात जुन्या गाड्या, यंत्रं, फ्रिज येतात. त्यांच्यात विजेच्या मोटर असतात आणि त्या मोटरींत तांब्याची तार. चुंबकाने लोखंड उचललं तरी लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली तार त्याच्यासोबत उचलली जाते आणि भट्टीत पडते. एकदा वितळलेल्या पोलादात मिसळलं की तांबं बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं.

याचं कारण शाळेतल्या एका प्रयोगात आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं, कारण लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील आहे. भट्टीतही तोच क्रम चालतो. पोलाद शुद्ध करायचं म्हणजे त्यात ऑक्सिजन सोडायचा. नकोशी मूलद्रव्यं ऑक्सिजनला धरतात. कार्बन वायू होऊन निघून जातं, सिलिकॉन आणि फॉस्फरस चुन्यासोबत मळीत जातात. पण तांब्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षाही कमी. तांबं जाळायला जावं तर त्याआधी सगळं लोखंडच जळून जाईल. म्हणून भंगारात जितकं तांबं आलं, तितकं पोलादात राहिलं.

राहिलं तर बिघडतं कुठे? पोलाद लाटण्यापूर्वी ते ११०० अंशांच्या वर तापवतात. हवेमुळे पृष्ठभागावरचं लोखंड जळून त्याची खपली होते. तांबं जळत नाही, ते खपलीच्या खाली साठत जातं. तांब्याचा वितळणांक १०८५ अंश, म्हणजे या तापमानाला ते द्रवरूप असतं. हा पातळ थर पोलादाच्या कणांमधल्या सीमांत झिरपतो आणि लाटणाऱ्या रुळांचा दाब पडला की पृष्ठभाग त्या सीमांवर फाटतो. धातुशास्त्रात याला हॉट शॉर्टनेस म्हणतात. लाटलेला पत्रा हातात घेतला तर बारीक भेगांचं जाळं डोळ्यांनी दिसतं.

बांधकामाच्या सळईला याचं फारसं काही वाटत नाही. ती काँक्रीटमध्ये गाडली जाते, तिचा पृष्ठभाग कोणी पाहत नाही. तिच्यात सुमारे ०.४ टक्का तांबं चालतं. गाडीच्या दारासारखे खोल आकार दाबून काढायच्या पत्र्याला मात्र ते साधारण ०.०६ टक्क्यांच्या आत लागतं. सळई, मग अँगल आणि पट्ट्या, मग इमारतींच्या तुळया, शेवटी पत्रा, अशी बाजारातली शिडी आहे. बाकीच्या अटी असतातच, पण ही शिडी बरीचशी तांब्याचीही आहे.

आता नफ्याकडे या. ख्रिस्टेन्सन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार मोठ्या कारखान्यांना सळईवर जेमतेम ७ टक्के ढोबळ नफा सुटायचा, अँगल-पट्ट्यांवर १२, तुळयांवर १८ आणि पत्र्यावर २५ ते ३०. मिनी मिलचा खर्च मोठ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी. सत्तरच्या दशकात मिनी मिल सळईच्या बाजारात उतरल्या, तेव्हा मोठ्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी हिशेब केला. सळई हा सगळ्यात कमी नफ्याचा, सगळ्यात कटकटीचा माल. तो सोडला आणि तीच क्षमता वरच्या मालाला दिली, तर कंपनीचा सरासरी नफा वाढतो. त्यांनी सळई सोडली आणि नफा खरोखरच वाढला. या निर्णयात आळस नव्हता, मूर्खपणाही नव्हता. व्यवस्थापनाच्या कोणत्याही परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, आणि म्हणूनच तो घातक होता.

पुढे १९७९ मध्ये शेवटचा मोठा कारखाना सळईतून बाहेर पडला आणि सळईचा भाव २० टक्क्यांनी कोसळला. असं का झालं, ते सोप्या आकड्यांत पाहू. समजा सळईचा भाव १०० आहे. मोठ्या कारखान्याचा खर्च ९३, मिनी मिलचा त्याहून २० टक्के कमी, म्हणजे सुमारे ७४. मोठा कारखाना बाजारात असेपर्यंत भाव त्याच्या खर्चाला धरून राहतो आणि मिनी मिलला १०० मागे २६ सुटतात. तो गेला की उरतात फक्त मिनी मिल, सगळ्यांचा खर्च सारखाच. भाव ८० वर येतो आणि हातात राहतात ६. तेव्हा स्वस्तात माल करण्याचा फायदा, महाग करणारा प्रतिस्पर्धी समोर उभा असेपर्यंतच मिळतो. तो वरच्या पायरीवर पळाला, तर त्याच्या मागे चढावंच लागतं. ही सारी चढाई पोट भरण्यासाठी होती, महत्त्वाकांक्षा त्यात नंतर आली.

पण चढायचं तर तांबं आडवं येणार. इथे मिनी मिल काय करत गेल्या, ते अभ्यासक्रमात हमखास निसटतं. त्यांनी भंगाराची वर्गवारी केली, तारा वेगळ्या काढल्या, कारखान्यांतून थेट येणारं स्वच्छ कातरण विकत घेतलं, भंगारात कच्चं लोखंड किंवा खनिजापासून थेट काढलेलं स्पंज आयर्न मिसळून तांब्याचं प्रमाण पातळ केलं. यातली प्रत्येक सुधारणा सस्टेनिंग होती. प्रवेश डिसरप्टिव्ह आणि चढण सस्टेनिंग, असा हा प्रवास आहे.

न्यूकॉर या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या कंपनीने १९६९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनला पहिली मिनी मिल घातली, तीही मुख्यतः स्वतःच्या छताच्या सांगाड्यांना स्वस्त पोलाद मिळावं म्हणून. १९८८ मध्ये ती जपानी भागीदारासोबत मोठ्या तुळयांत उतरली. १९८९ मध्ये इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला तिने पत्र्याचा कारखाना सुरू केला. पत्र्यासाठी पोलादाची लादी, म्हणजे स्लॅब, नेहमी २०० ते २५० मिलिमीटर जाड ओततात आणि मग लाटत लाटत पातळ करतात. इथे जर्मन तंत्राने तो ५० मिलिमीटरच्या आसपासच ओतला जाऊ लागला, त्यामुळे लाटण्याच्या यंत्रांची अर्धी रांगच गळली. हे तंत्र मोठ्या कंपन्यांनाही उपलब्ध होतं. पण सुरुवातीच्या पत्र्याचा पृष्ठभाग खराब होता, गाड्यांच्या कंपन्या तो घेणार नव्हत्या आणि जुन्या यंत्रांवर आणखी थोडा माल काढणं नव्या कारखान्यापेक्षा स्वस्त पडत होतं. न्यूकॉरचा पत्रा आधी बांधकामात आणि गटारांच्या नळ्यांत खपला. तुळयांसाठी नावाजलेल्या बेथलहेम स्टीलने आपल्या मूळ गावातल्या कारखान्यात पोलाद करणं १९९५ मध्ये थांबवलं आणि २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

एखादं उदाहरण समोर आलं की मी तीन गोष्टी तपासायला सांगते. ते तळाच्या बाजारातून किंवा आजवर ग्राहकच नसलेल्यांकडून सुरू झालं का? प्रस्थापित कंपनीला ती जागा सोडून देण्यात फायदा दिसला का? आणि वर चढताना खर्चाचा फायदा टिकला का? ॲपवर टॅक्सी बोलावण्याची सेवा पहिल्याच प्रश्नाला अडते. ती आधीपासून टॅक्सीने फिरणाऱ्यांनाच अधिक चांगली सोय देत सुरू झाली. ख्रिस्टेन्सन यांनी स्वतः २०१५ मध्ये उबर डिसरप्टिव्ह नाही असं लिहिलं. पुढचं डिसरप्शन कोणतं, याचं भाकीत विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. घडून गेलेल्या प्रत्येक गोष्टीला लागू करता येतं आणि कोणत्याही पुराव्याने खोटं ठरत नाही, असं विधान पत्रिकेतल्या ग्रहांइतकंच निरुपयोगी असतं.

सिद्धांतालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांवर आयातीचा दबाव होता, निवृत्तिवेतनाचा बोजा होता, कामगार करारही वेगळे होते. सगळं श्रेय किंवा दोष भट्टीला देता येत नाही. शिवाय उलथापालथ सगळीकडे सारखी झालेली नाही. आज अमेरिकेतलं सुमारे ७० टक्के पोलाद आर्क भट्टीतून येतं, तर जगाचा विचार केला तर सुमारे ७० टक्के अजूनही खनिजाच्या जुन्या रस्त्यानेच येतं. पोलाद वापरात जाऊन भंगार म्हणून परतायला कित्येक दशकं लागतात. ज्या देशांत इमारती आणि पूल आत्ता कुठे उभे राहत आहेत, तिथे वितळवायला पुरेसं जुनं पोलादच नाही. आणि जिथे आहे, तिथे दर फेरीला थोडं तांबं वाढतं आहे.