पाच हजार गुण मिळाले आणि स्कोअर उणे झाला

माझी भाची कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने जावामध्ये नाणी गोळा करायचा एक खेळ लिहिला. एका रात्री तिचा फोन आला, "मामा, स्कोअर २१४ कोटींच्या पुढे गेला होता, आणि एकदम उणे दिसायला लागला. गुण कमी करणारी एकही ओळ मी लिहिलेली नाही!"

तिचं म्हणणं खरं होतं. तिच्या प्रोग्राममध्ये वजाबाकी नव्हतीच. स्कोअर होता २,१४,७४,८०,००० आणि त्यात बोनसचे ५,००० मिळवले गेले होते. बेरीज हवी होती २,१४,७४,८५,०००. पडद्यावर मात्र आलं उणे २,१४,७४,८२,२९६. आकडा अगदी वेडावाकडा वाटतो, पण तो चुकून आलेला नाही. तो नेमका तिथेच यायला हवा होता.

जावातला `int` म्हणजे ३२ बिटांची जागा, शून्य किंवा एक मावेल अशी ३२ घरं. समजायला सोपं जावं म्हणून आपण आठच घरं घेऊ. दशमान पद्धतीत जसे एकक, दशक, शतक, तशा इथे घरांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा दुप्पट होत जातात. आठवं, म्हणजे सगळ्यात डावीकडचं घर, खरं तर १२८ चं. पण उणे संख्याही लिहिता याव्यात म्हणून त्या एकाच घराची किंमत उणे १२८ धरायची, असा संकेत आहे. आता 01111111 ही संख्या वाचा: ६४ पासून १ पर्यंत सगळ्यांची बेरीज, १२७. तिच्यात एक मिळवला की प्रत्येक घरातून हातचा पुढे सरकत जातो आणि शेवटी 10000000 उरतं. डावीकडच्या घरात एक, बाकी सगळीकडे शून्य. किंमत झाली उणे १२८. बेरीज करणाऱ्या सर्किटने काही चूक केली नाही. त्याने हातचा नेऊन ठेवला, एवढंच. ज्या घरात तो पडला, त्या घराचा अर्थ वेगळा होता.

हा संकेत विचित्र वाटला, तरी त्यामागे सोय आहे. आठही घरांत एक असेल तर बेरीज होते उणे १. त्यात १ मिळवला की सगळी घरं शून्य होतात आणि शेवटचा हातचा ठेवायला जागाच नसल्याने गळून पडतो. उणे एक अधिक एक, शून्य. म्हणजे उणे संख्यांसाठी वेगळं सर्किट लागतच नाही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

३२ घरांत सर्वांत मोठी संख्या मावते ती २,१४,७४,८३,६४७, आणि तिच्या पुढचं पाऊल पडतं उणे २,१४,७४,८३,६४८ वर. ही सगळी संख्यांची गोल तबकडी आहे. तिचा पूर्ण फेरा ४,२९,४९,६७,२९६ चा. भाचीला मी सांगितलं, तुझ्या उणे स्कोअरमध्ये हा फेरा मिळव. तिने मिळवला आणि २,१४,७४,८५,००० परत आले. गुण हरवलेच नव्हते. मात्र मधल्या काळात तिच्या उच्चांकाची नोंद होत नव्हती, कारण उणे संख्या जुन्या उच्चांकापेक्षा लहानच ठरत होती.

उणे आकडा दिसला हे एका अर्थी बरंच झालं. गुणाकारात कधीकधी तेवढीही खूण मिळत नाही. ५०,००० ला ६०,००० ने गुणलं तर `int` मध्ये उणे १,२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे निदान शंका तरी येते. पण ७०,००० ला ७०,००० ने गुणलं की फेरा ओलांडून उत्तर येतं ६०,५०,३२,७०४. धन संख्या, दिसायला अगदी बरोबर, आणि खऱ्या ४९० कोटींशी काही संबंध नाही.

भाचीने लगेच स्कोअर `long` केला. त्यात ६४ घरं असतात. तरीही आकडा चुकतच राहिला. तिची ओळ अशी होती:

```java
long points = coins * multiplier;
```

उजवीकडचे दोन्ही `int` आहेत. त्यामुळे गुणाकार आधी ३२ घरांतच होतो, तिथेच फेरा ओलांडतो, आणि बिघडलेलं उत्तर मग मोठ्या जागेत नेऊन ठेवलं जातं. `(long) coins * multiplier` असं लिहिल्यावर काम झालं. पण ६४ घरं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. प्रत्येक पातळीला गुण दुप्पट होणाऱ्या खेळात ३२ बिटांची मर्यादा ओलांडल्यावर आणखी ३२ पातळ्यांत ६४ बिटांचीही भरते. म्हणून जावात `Math.addExact` आणि `Math.multiplyExact` आहेत. जागा पुरली नाही की ते गुपचूप फेरा न मारता चूक झाल्याचं कळवतात.

तिच्या खेळात एक टायमरही होता, आणि मला खरी काळजी त्याची वाटली. स्कोअर खेळाडूने वाढवला तर वाढतो, घड्याळ मात्र कोणी न खेळताही पुढे जातं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर साधारण २४ दिवस साडेवीस तासांनी उणे होतो. तिने "सुरुवात अधिक मुदत" आधी काढून ठेवली होती आणि आताची वेळ तिच्याशी ताडून बघत होती. काठाजवळ ही बेरीज उणे होते, आताची वेळ अजून धन असते, आणि मुदत सुरू होताक्षणीच संपल्याचं ठरतं.

रात्री अकराला विरजण लावलं आणि सकाळी सहाला दही लागलं, तर किती तास झाले? सहातून अकरा वजा करून कोणी उणे पाच म्हणत नाही. तबकडीवरून काटा फिरला आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण सात म्हणतो. यंत्राची वजाबाकीही त्याच तबकडीवर होते:

```java
if (now - start >= limit) finish();
```

सुरुवात २,१४,७४,८३,००० ला झाली आणि आता उणे २,१४,७४,८३,२९६ असले, तरी `now - start` बरोबर १,००० देतं. अट एकच. मोजायचा काळ २४ दिवसांहून मोठा नको, नाहीतर काटा किती फिरला हे कळायला मार्ग नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोईंग ७८७ साठी एक आदेश काढला. त्यात म्हटलं होतं की जनित्र नियंत्रण यंत्रणा २४८ दिवस सलग चालू राहिल्या तर त्यांच्यातला काउंटर ओव्हरफ्लो होतो आणि त्या सुरक्षित अवस्थेत जातात. चारही एकाच वेळी सुरू केलेल्या असतील तर विमानाचा सगळा एसी वीजपुरवठा जाऊ शकतो, मग ते आकाशात असो वा जमिनीवर. दोष प्रयोगशाळेतल्या चाचणीत सापडला होता, आणि तात्पुरता उपाय होता ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. २४८ या आकड्याचा अर्थ आता तुम्हालाही लावता येईल: सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेलं तर ३२ बिटांची धन बाजू भरायला २४८ दिवस आणि वर तेरा तास लागतात.

इतके दिवस थांबून चाचणी कोण करणार? लिनक्स कर्नलमध्ये वेळ मोजणारा काउंटर यासाठीच शून्यापासून सुरू करत नाहीत. त्याची सुरुवात अशा जागी ठेवलेली आहे की ३२ बिटांत तो मशीन चालू झाल्यावर पाचच मिनिटांत फेरा ओलांडतो. कोणाच्या कोडमध्ये दोष असेल तर तो पाच मिनिटांत समोर येतो. भाचीने तेच केलं. घड्याळाची सुरुवात 2147480000 ला ठेवली आणि खेळ चालू केला. साडेतीन सेकंदांनंतर पडद्यावरची वेळ उणे झाली, आणि टायमर मोजत राहिला.