घसाऱ्याचे टक्के वर्षांनी गुणायचे नसतात

“लेथ मशीन 4 लाखांचं, घसारा दरवर्षी 15 टक्के. 3 वर्षांत 45 टक्के गेले, म्हणजे 2,20,000 उरले ना?”

नाही, 2,45,650 उरले. साकीनाक्याच्या गाळ्यांत हा हिशेब मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्यापायी लोक जुनं मशीन स्वस्तात देऊन टाकतात, याचं वाईट वाटतं.

आयकराच्या हिशेबात घसारा मूळ किमतीवर नव्हे, आदल्या वर्षीच्या शिलकीवर धरतात. पहिल्या वर्षी 60,000 गेले, उरले 3,40,000. दुसऱ्या वर्षी या 3,40,000 चे 15 टक्के, म्हणजे 51,000 गेले, उरले 2,89,000. तिसऱ्या वर्षी 43,350. वजावट दरवर्षी आटत जाते. थेट काढायचं तर 4,00,000 × 0.85 × 0.85 × 0.85.

चूक ओळखायची तर 7 वर्षं धरून बघा. सरळ गुणाकाराने 105 टक्के होतात, किंमत शून्याखाली जाते! खरी शिल्लक सुमारे 1,28,231 असते.

घसारा दरवर्षी मूळ किमतीवरच धरायचा ठरला असेल, तर मात्र तुमचा गुणाकार बरोबर. आणि मशीन पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल, तर आयकरात त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ही वहीतली किंमत. बाजारभाव वेगळा काढावा लागतो.