लॅटिन स्क्वेअर: ऑयलरच्या अक्षरांपासून नाल्याकाठच्या १६ वाफ्यांपर्यंत

चोपडा-यावलकडची शेतं ज्यांनी पाहिलीयेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, वर सातपुड्याच्या बाजूला जमीन मुरमाड आणि जसजसं तापीकडे उतरावं तसतशी काळी, खोल. हाच उतार लहान प्रमाणात एकाच शेतात पण असतो, वरच्या बांधाला हलकी जमीन आणि खाली नाल्याकाठी भारी. आता अशा शेतात कपाशीच्या चार नत्र-मात्रांचा ट्रायल लावायचा आणि वरून विहीर पूर्वेच्या कोपऱ्यात, म्हणजे पाटाचं पाणी पूर्वेकडच्या वाफ्यांना पोटभर आणि पश्चिमेला पोचेपर्यंत अर्धं. मी शिकत असताना एका शेतकरी काकांना हा प्रॉब्लेम सांगितला तर ते हसून म्हणाले, "पानी खालेच जास ना भो", आणि खरंच, उतार आणि पाणी दोन्ही आपल्याला विचारून येत नाहीत. उत्पादनातला फरक खताचा की जमिनीचा की पाण्याचा, हे सुटं कसं करायचं, यावरचं उत्तर म्हणजे लॅटिन स्क्वेअर. पण हे उत्तर शेतीतून आलेलंच नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

नावातलं 'लॅटिन' हे रोमशी वगैरे संबंधित नाही. लिओनार्ड ऑयलरचा १७८२ साली एक पेपर छापून आला, त्यात कोडं होतं: सहा रेजिमेंट, सहा हुद्दे, एकूण ३६ अधिकारी, यांना ६ × ६ च्या चौकोनात असं उभं करा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक हुद्दा एकदाच आणि प्रत्येक रेजिमेंट पण एकदाच यावी. एका गोष्टीसाठी त्याने लॅटिन अक्षरं वापरली आणि दुसरीसाठी ग्रीक, मग ज्या चौकोनात एकाच जातीची अक्षरं आहेत तो लॅटिन स्क्वेअर, बस एवढंच. ते ३६ अधिकारी काही उभे राहत नाहीत हे पुढे टॅरीने १९०० च्या सुमारास सिद्ध केलं. ऑयलरचा अंदाज होता की १०, १४, १८ अशा साइजलाही असे दुहेरी चौकोन बनणार नाहीत, तो १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे या तिघांनी खोटा ठरवला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्रमुख होते, आणि आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही याचं मला अजून वाईट वाटतं. असो, ती गोष्ट वेगळ्या वाटेची.

प्रयोगासाठी हा चौकोन वापरायची कल्पना मात्र ऑयलरच्या वाटेने आलेली दिसत नाही. फ्रान्समध्ये क्रेते दे पालुएल नावाच्या शेतकऱ्याने १७८८ मध्ये मेंढ्यांवरचा एक प्रयोग मांडला: चार जातींच्या मेंढ्या, चार प्रकारचा चारा (त्यात बटाटा, सलगम, बीट), आणि चार वेगवेगळ्या तारखांना कत्तल. सगळ्या जोड्या करायच्या तर ६४ मेंढ्या लागल्या असत्या, त्याने १६ मध्ये भागवलं, कारण प्रत्येक जात प्रत्येक चाऱ्यावर एकदा आणि प्रत्येक तारखेला एकदा येईल असं बसवलं. म्हणजे मांडणी तयार होती. पण आलेल्या आकड्यांतला फरक किती चाऱ्याचा आणि किती निव्वळ नशिबाचा, हे मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

ते साधन आलं रोनाल्ड फिशरकडून. १९१९ मध्ये तो इंग्लंडच्या रोथॅम्स्टेड केंद्रात गेला, तिथे गव्हाचे प्रयोग १८४३ पासून चालू होते आणि आकड्यांचा ढीग पडला होता. त्यातून व्हेरियन्सचे तुकडे पाडायची पद्धत, म्हणजे आपला अनोव्हा, उभा राहिला आणि १९२५-२६ पर्यंत त्याने लॅटिन स्क्वेअरला त्यात नीट बसवलं. इथे एक गोष्ट बऱ्याच नोट्समध्ये निसटते. चौकोन शेतात लावणारे लोक फिशरच्या आधीही होते, पण ते तो ठरवून लावायचे. कोणी अक्षरं सरळ तिरप्या रेषेत सरकवायचं, आणि नॉर्वेच्या क्नुट विकच्या नावाने ओळखला जाणारा चौकोन तर बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने भरायचा, म्हणजे एकच ट्रीटमेंट, जसं एखादी खताची मात्रा, शेतभर छान पसरते. फिशर म्हणाला, नाही, चौकोन चिठ्ठी टाकून निवडा. आणि यावर भांडण झालं, कारण 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारा गॉसेट (टी-टेस्टवाला तोच) ठरवून लावण्याच्या बाजूने होता, त्याचं म्हणणं की चांगली पसरलेली मांडणी सोडून चिठ्ठीवर का जायचं.

वरवर बघता गॉसेटचं बरोबर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण १९३१ मध्ये स्वीडनच्या टेडिनने सगळीकडे एकसारखंच पीक असलेल्या शेतांचे आकडे घेऊन त्यावर नुसते कागदावर चौकोन ठेवून पाहिले, तेव्हा गंमत कळली. ओळी आणि स्तंभ वजा केल्यावर जो फरक उरतो तो एकूण ठरलेला असतो, तो एकतर ट्रीटमेंटच्या खात्यात जातो नाहीतर एररच्या, म्हणजे ज्याचं कारण सांगता येत नाही अशा फरकाच्या. तिरप्या चौकोनात जमिनीचा तिरपा कस ट्रीटमेंटच्या खात्यात घुसतो, एरर आहे त्यापेक्षा लहान दिसते आणि नसलेला फरक सापडतो. घोड्याच्या चालीत उलटं, तुलना खरोखर जास्त अचूक होते पण एरर फुगलेली दिसते, म्हणजे कमावलेली अचूकता टेबलात दिसतच नाही. चिठ्ठी टाकली तर प्रत्येक वेळी बरोबर नाही, पण सरासरीने दोन्ही खाती समान राहतात, आणि एफ काढायचा तर तेवढंच पाहिजे. आपल्याकडे नाला शेताला सरळ कापत नाही, तिरपाच जातो, तेव्हा तिरपा चौकोन लावणं म्हणजे आ बैल मुझे मार.

आता आपलं शेत. ४ × ४ चे एकूण ५७६ चौकोन होतात, त्यातला एक निवडायचा म्हणजे आधी एक साधा चौकोन घ्या, मग ओळींची अदलाबदल चिठ्ठीने, स्तंभांची चिठ्ठीने, शेवटी कोणत्या अक्षराला कोणती मात्रा तेही चिठ्ठीने. समजा अ म्हणजे नत्र नाही, ब ४०, क ८०, ड १२० किलो हेक्टरी. ओळ १ वरच्या बांधाला, ओळ ४ नाल्याकाठी, स्तंभ १ पश्चिमेला, स्तंभ ४ विहिरीजवळ. आकडे वाफ्यामागे कापसाचे किलो, हिशेब सरळ यावा म्हणून मी रचलेत:

| | स्तंभ १ | स्तंभ २ | स्तंभ ३ | स्तंभ ४ | बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| ओळ १ | अ १४ | ब १४ | क २० | ड २० | ६८ |
| ओळ २ | ब १५ | ड २२ | अ १६ | क २३ | ७६ |
| ओळ ३ | क २१ | अ १६ | ड २४ | ब २३ | ८४ |
| ओळ ४ | ड २२ | क २४ | ब २४ | अ २२ | ९२ |
| बेरीज | ७२ | ७६ | ८४ | ८८ | ३२० |

अक्षरांच्या बेरजा: अ ६८, ब ७६, क ८८, ड ८८. करेक्शन फॅक्टर म्हणजे ३२० चा वर्ग भागिले १६, ६४००. सगळ्या वाफ्यांच्या वर्गांची बेरीज ६६०८, म्हणून टोटल एसएस २०८. ओळींसाठी चार बेरजांचे वर्ग मिळवून ४ ने भागायचं आणि ६४०० वजा, ८० येतात. तसंच स्तंभांचे ४० आणि मात्रांचे ७२. उरले ते एररचे, १६. खालच्या टेबलात एसएस म्हणजे अशी वर्गांची बेरीज, डीएफ म्हणजे त्यामागचे मोकळे आकडे, एमएस म्हणजे एसएस भागिले डीएफ, आणि एफ म्हणजे मात्रांचा एमएस एररच्या किती पट.

| सोर्स | डीएफ | एसएस | एमएस | एफ |
|---|---|---|---|---|
| ओळी (उतार) | ३ | ८० | २६.६७ | |
| स्तंभ (पाणी) | ३ | ४० | १३.३३ | |
| मात्रा | ३ | ७२ | २४.०० | ९.०० |
| एरर | ६ | १६ | २.६७ | |
| एकूण | १५ | २०८ | | |

३ आणि ६ डीएफला ५ टक्क्यांचा एफ ४.७६, आपला ९.००, म्हणजे मात्रांत फरक आहे (१ टक्क्याला ९.७८ लागतो, तिथे मात्र हुकलं). आता हेच आकडे घेऊन समजा आपण फक्त उताराचे ब्लॉक पाडले असते, पाण्याचा विचारच नाही, तर स्तंभांचे ४० एररमध्ये पडले असते: ५६ भागिले ९, एमएस ६.२२, एफ ३.८६, आणि टेबलातला आकडाही ३.८६, अगदी खोलात गेलं तर आपलाच केसभर कमी, म्हणजे बरोब्बर कुंपणावर. काहीच ब्लॉक नसते तर एफ २.१२, आणि लागतो ३.४९, म्हणजे नत्राचा फरक नाही असा रिपोर्ट गेला असता.

मात्रा-मात्रांची तुलना करायची तर क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक हवा तो आकडा, साधारण २.८३ किलो येतो. अ ची सरासरी १७, ब ची १९, क आणि ड दोघांची २२. म्हणजे ४० किलोने २ किलोची वाढ दिसली पण ती सिद्ध होत नाही, ८० ने ब च्या वर ३ किलोची खरी उडी, आणि १२० टाकून वर काही नाही.

या मांडणीची अडचण पण टेबलातच दिसते, एररला डीएफ फक्त ६. ३ × ३ मध्ये २ राहतात, २ × २ मध्ये शून्य. दुसऱ्या बाजूला ८ मात्रा असतील तर ६४ वाफे आणि तेही आठ-आठच्या चौकटीत, तेवढं सरळ शेत कोण देतंय, म्हणून व्यवहारात हे ५ ते ७ मात्रांनाच बरं पडतं. शिवाय हा सगळा हिशेब उतार, पाणी आणि खत यांचा परिणाम नुसता एकमेकांत मिळवला जातो असं धरतो. खत नाल्याकाठीच लागू पडतं आणि मुरमावर नाही, असं असेल तर ते भांडण सगळं एररमध्ये येतं किंवा मात्रांच्या बेरजेत मिसळतं. ते ओळखायचं तर प्रत्येक वाफ्याचा अंदाज काढून उरलेला फरक शेताच्या नकाशावर लिहावा: आपल्यात सगळ्यात मोठा फरक २ किलोचा, ओळ १ च्या अ ला आणि ओळ २ च्या ड ला, विशेष काही नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सगळे प्लस आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत सगळे मायनस दिसले तर समजा जमिनीचा कस तिरपा बदलत होता. आणि स्तंभांचा एमएस एररएवढाच आला तर पाण्याची काळजी फुकट होती, त्यात ३ डीएफ गेले.

राहिला एक वाफा गुरांनी खाल्ल्याचा प्रश्न, जो इकडे दर दोन हंगामांत एकदा येतोच. त्यावर रोथॅम्स्टेडच्याच फ्रँक येट्सने १९३३ मध्ये लॅटिन स्क्वेअरसह या मांडण्यांसाठी हिशेब दिला. `t` म्हणजे मात्रांची संख्या, `R`, `C`, `T` म्हणजे त्या वाफ्याच्या ओळीची, स्तंभाची आणि मात्रेची उरलेली बेरीज, `G` उरलेली एकूण:

```
x = (t(R + C + T) - 2G) / ((t - 1)(t - 2))
```

समजा ओळ ३ मधला अ (१६ किलोवाला) गेला. उरलेल्या बेरजा ६८, ६० आणि ५२, एकूण ३०४, मग ४ × १८० वजा ६०८ भागिले ६, येतात १८.६७. हा आकडा तिथे भरून टेबल पुन्हा करायचं, पण तो पिकलेला कापूस नाही, नवी माहिती त्यात काहीच नाही, म्हणून एररचे डीएफ ६ ऐवजी ५ आणि एकूण १५ ऐवजी १४ लिहायचे. मात्रांचा एसएस पण यात किंचित फुगतो, तेव्हा एफ काठावर असेल तर गुरांचा वाफा धरून निष्कर्ष काढू नका.