चार्टवर १४८० मिली, शरीराला ९४०

पक्षाघात झालेला ७२ वर्षांचा, ६० किलो वजनाचा एक काल्पनिक रुग्ण घेऊ. गिळता येत नाही, म्हणून नाकातून जठरात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून फीड चालू आहे. आठवड्याभरात रक्तातलं सोडियम १४० वरून १४६ आणि मग १५४ वर गेलं. १३५ ते १४५ ही नेहमीची मर्यादा. नातेवाईक विचारतात, ‘मीठ जास्त पडतंय का?’ बहुतेक वेळा मीठ वाढलेलं नसतं, पाणी कमी पडलेलं असतं. एरवी एवढ्या सोडियमला माणूस तहानेने कासावीस होतो. पण याला पाणी मागताच येत नाही, त्यामुळे त्याची तहान दुसऱ्या कुणीतरी मोजावी लागते.

इनटेक चार्टवर दिवसाची बेरीज १४८० मिली आहे: फीड १०००, औषधांसोबत नळीतून दिलेलं पाणी, म्हणजे फ्लश, १८० आणि अँटिबायोटिकसाठी शिरेतून दिलेलं नॉर्मल सलाईन ३००. आकडा अगदीच वाईट दिसत नाही. फसगत इथेच होते.

फीड दाट आहे, एका मिलीत दीड कॅलरी. अशा फीडमध्ये पाणी साधारण ७६ टक्के असतं, बाकी प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर. म्हणजे १००० मिलीतून पाणी मिळालं ७६०. एका मिलीत एक कॅलरी असलेल्या पातळ फीडमध्ये हे प्रमाण ८४ टक्क्यांच्या आसपास असतं. नेमका आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलीमोल सोडियम असतं, म्हणजे रुग्णाच्या रक्तात आहे जवळपास तेवढंच. ते सोडियम पातळ करायच्या कामाचं नाही, म्हणून या हिशेबात त्याला शून्य. उरलं ७६० अधिक १८०, म्हणजे ९४० मिली.

रोजची गरज किलोमागे ३० मिली धरली तर १८०० होते. ताप किंवा जुलाब असतील तर ती आणखी वाढते. रोज ८६० मिलीची तूट पडत असेल तर सोडियम चढणारच.

आता आधीच साठलेली तूट काढू. वृद्ध पुरुषाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग पाणी असतो (वृद्ध स्त्रीत थोडा कमी, तरुण पुरुषात साठ टक्के). इथे ते ३० लिटर.

तूट = शरीरातलं पाणी × (सोडियम ÷ १४० − १)
= ३० × (१.१ − १) = ३ लिटर

हे तीन लिटर एका दिवसात ओतायचे नसतात. हळूहळू चढलेल्या सोडियमशी मेंदूच्या पेशींनी जुळवून घेतलेलं असतं. ते एकदम उतरलं तर पाणी पेशींत घुसून मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून २४ तासांत १० पेक्षा जास्त उतरवायचं नाही, असा सावध नियम पाळतात. आपण तूट तीन दिवसांत भरू, रोज एक लिटर.

दिवसाचं पाणी हवं १८०० + १००० = २८००. फीडमधले ७६० वजा केले की २०४० उरतात. दर तीन तासांनी २५० मिली, आठ वेळा दिले की २००० होतात. औषधांसोबतचं पाणीही यातच धरायचं. चार मोठ्या फ्लशमध्ये भागवता येईल, पण एका वेळी अर्धा लिटर गेलं तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. नळीचं टोक लहान आतड्यात असेल तर २५० मिलीही एकदम जास्त होतात, तिथे पाणी पंपाने संथपणे देतात. रक्तदाब पडलेला असेल तर आधी शिरेतून सलाईन, हा हिशेब नंतर. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आकडे डॉक्टरच बदलतात.

सूत्र फक्त सुरुवात करून देतं. शरीरातून पुढे किती पाणी जाणार आहे, हे त्याला ठाऊक नसतं. समजा दुसऱ्या दिवशी सोडियम १४९ च्या आसपास अपेक्षित होतं आणि आलं १५३. अशा वेळी आधी दिलेले फ्लश खरंच गेले का ते पाहावं, मग लघवी. ती २४०० मिली आहे, रक्तातली साखर २६० आहे आणि लघवीतलं सोडियम-पोटॅशियम मिळून ७७, म्हणजे रक्तातल्या सोडियमच्या निम्मं. याचा अर्थ त्या लघवीतलं निम्मं, १२०० मिली, निव्वळ पाणीच होतं. साखर लघवीत उतरताना पाणी ओढून नेते आहे. इन्सुलिन वाढवून साखर आटोक्यात आणायची, तोवर फ्लश ३०० मिलीचे करायचे आणि सोडियम सहा-आठ तासांनी पुन्हा तपासायचं.

सोडियम १४५ च्या खाली आलं की तुटीचा तो एक लिटर हिशेबातून काढायचा. लघवीही पूर्ववत झाली असेल तर १८०० − ७६० = १०४० उरतात, म्हणजे दर चार तासांनी १७५ मिली. हा बदल करायचा राहून गेला, तर काही दिवसांतच सोडियम १३५ च्या खाली घसरू शकतं.