जिन्याखालचे दोन लाल सिलिंडर

सोसायटीच्या तळमजल्यावर मीटरबोर्डाजवळ बहुधा आग विझवण्याचे दोन लाल सिलिंडर टांगलेले असतात. एकात एबीसी पावडर, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? ज्याच्या डोक्यावर दाब दाखवणारा छोटा गोल काटा आहे तो पावडरचा. ज्याला काटा नाही, पण काळा कर्णा आहे, तो सीओटूचा.

समजा, मीटरबोर्डात स्पार्क होऊन वायरी पेटल्या. इथे सीओटू उत्तम. तो वीज वाहून नेत नाही आणि मागे घाणही ठेवत नाही. मात्र त्याचा मारा जेमतेम मीटर-दोन मीटर पोचतो, त्यामुळे जवळ जावे लागते. कर्णा उघड्या हाताने धरू नये, तो इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते. जागा बंदिस्त असेल तर हा वायू माणसालाही गुदमरवतो, म्हणून फवारून लगेच बाहेर यायचे. मेन स्विच सुरक्षितपणे बंद करता आला तर आधी तो, नाहीतर वायरी पुन्हा पेटतात.

आता त्याच बोर्डाखाली कुणीतरी जुनी गादी 'दोन दिवसांसाठी' ठेवलेली आहे, आणि ठिणगी तिच्यावर पडली. सीओटूने ज्वाळा विझतील, पण कापूस आतून धुमसत राहील आणि वायू विरला की पुन्हा भडकेल. इथे एबीसी पावडर हवी. ती तापून वितळते, निखाऱ्यावर थर धरते आणि हवा तोडते. वायरींवरही ती चालते, म्हणून एकच घ्यायचा असेल तर मी पावडरचाच घेईन. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या बुडाशी रोखायची आणि दाबायचे. दोन्ही सिलिंडर काही सेकंदांतच रिकामे होतात, म्हणून पाठ कायम बाहेरच्या दाराकडे हवी. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडून 101 लावायचा.

तपासणीतही फरक आहे. पावडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. सीओटूला काटाच नाही, त्याचे वजन करावे लागते. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर रिफिल. नुसती तारखेची चिठ्ठी बदलणाऱ्या एजन्सीला वजनकाटा कुठे आहे, हे जरूर विचारा.

पण गादी मुळात तिथे का? जिना म्हणजे इमारतीचे धुराडे, खालचा धूर काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर पोचतो. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या धुरात दिसत नाहीत, पायात येतात. वरच्या मजल्यावर दार उघडल्यावर जिन्यात दाट धूर दिसला तर खाली धावू नका आणि लिफ्टही नको. दार लावून घ्या, फटीत ओला टॉवेल कोंबा, आणि रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहून फायर ब्रिगेडला मजला आणि विंग सांगा.