बंद पडलेल्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमधून यूएसबीद्वारे फाइल काढणे

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर त्यातला हार्ड डिस्क किंवा एसएसडी ड्राइव्ह काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडतात आणि फाइल उतरवून घेतात. अडॅप्टरऐवजी केसिंगही चालते. बाजारात केसिंग म्हणतात ते म्हणजे अडॅप्टरचेच सर्किट आत बसवलेली डबी. ही पद्धत चालते ती मदरबोर्ड, चार्जिंगचा भाग किंवा स्क्रीन गेली असून ड्राइव्ह शाबूत असेल तेव्हा. ड्राइव्हच बिघडला असेल तर अडॅप्टर त्यात काही सुधारणा करत नाही. फक्त पडदा काळा असेल आणि पंखा फिरत असेल, तर खोलण्याआधी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. बऱ्याचदा एवढ्यातच काम भागते.

काही यंत्रांत काढण्यासारखा ड्राइव्हच नसतो. स्वस्त, छोट्या लॅपटॉपमधली ईएमएमसी साठवण बोर्डालाच झाळलेली असते, आणि 2018 पासून आलेल्या मॅकबुक मॉडेलमध्येही साठवणीच्या चिप बोर्डावरच असतात. तिथे बोर्ड दुरुस्त करण्यावाचून मार्ग नाही.

ड्राइव्ह ओळखणे

चुकीची खरेदी बहुतेक याच टप्प्यावर होते. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा ड्राइव्ह असतो. तो चपट्या डबीसारखा दिसतो, जाडी 7 किंवा 9.5 मिलिमीटर, आणि एका कडेला शेजारी शेजारी दोन सपाट कनेक्टर असतात. आतमध्ये फिरती हार्ड डिस्क असो वा एसएसडी, अडॅप्टर एकच लागतो. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये मात्र च्युइंगगमच्या पट्टीएवढा एम.टू एसएसडी असतो. त्यावर 2280 लिहिलेले असेल तर रुंदी 22 आणि लांबी 80 मिलिमीटर. 2242 आणि 2230 या आखूड पट्ट्याही आढळतात.

एम.टू हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या पट्टीवर जोडणीची जुनी साटा पद्धत चालत असेल किंवा नवी एनव्हीएमई, आणि केसिंग त्यानुसारच घ्यावे लागते. सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई, असा ठोकताळा दुकानात सांगतात. तो नेहमी खरा ठरत नाही, कारण दोन खाचांचे काही एनव्हीएमई ड्राइव्हही आहेत. भरवसा ठेवावा तो लेबलवर. तिथे एनव्हीएमई किंवा पीसीआयई छापलेले असते, नाहीतर साटा. चुकीच्या केसिंगमध्ये ड्राइव्ह नीट बसतो, दिवा लागतो, पण संगणकाला काहीच दिसत नाही, आणि चांगला ड्राइव्ह मेला असे समजून लोक तो बाजूला ठेवतात. रियलटेकची आरटीएल9210बी ही चिप असलेले केसिंग दोन्ही प्रकार चालवते. थोडे महाग पडते, पण ड्राइव्हचा प्रकार नक्की कळत नसेल तर तेच घ्यावे.

काढणे आणि जोडणे

चार्जर काढून मागचे स्क्रू सोडवावेत. बहुतेकांना पीएच0 मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो. एखाद-दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण हलत नसेल तर जोर न लावता आधी तेच शोधावेत. झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, कारण लॅपटॉप बंद दिसला तरी बोर्डावर वीज खेळत असते. एम.टू ड्राइव्ह टोकाच्या एकाच स्क्रूने धरलेला असतो. तो काढताच पट्टी स्प्रिंगसारखी तिरकी वर येते, आणि त्याच कोनात सरळ ओढली की निघते. केसिंगमध्येही ती तशीच तिरकी घालून मग खाली दाबायची.

एनव्हीएमई ड्राइव्ह चालताना चांगलाच तापतो. केसिंगसोबत आलेला मऊ थर्मल पॅड ड्राइव्ह आणि धातूचे झाकण यांच्यामध्ये लावावा. तो वगळला तर दहा-पंधरा मिनिटांनी वेग कोसळतो किंवा ड्राइव्ह कॉपी चालू असतानाच गायब होतो.

फिरत्या अडीच इंची डिस्कची अडचण वेगळी असते, ती विजेची. तिच्या लेबलवर 5 व्होल्टपुढे बऱ्याचदा 1 अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो, आणि चकती फिरायला लागताना सर्वाधिक करंट लागतो. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून 500 मिलिअँपिअर आणि 3.0 कडून 900 मिलिअँपिअर एवढीच हमी असते. वीज अपुरी पडली की डिस्क फिरू लागते, टिक करते, थांबते आणि पुन्हा तेच. हा आवाज बिघडलेल्या डिस्कच्या आवाजासारखाच असल्याने निदान करण्याआधी केबल आखूड घ्यावी, डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरावा, हब टाळावा. चांगल्या पोर्टवरही टिकटिक चालूच राहिली, तर मात्र दोष डिस्कचा. तेव्हा लगेच काढून ठेवावी, कारण प्रत्येक प्रयत्नात डिस्कमधले वाचणारे डोके चकतीवर घासू शकते.

जोडल्यावर काय दिसते

उदाहरण म्हणून कर सल्लागाराच्या कार्यालयातला विंडोज 11 चा लॅपटॉप घेऊ. मदरबोर्ड गेलेला, आत 512 जीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह. दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर Disk Management मध्ये तो सुमारे 476 जीबीचा दिसतो. काही गहाळ झालेले नाही, विंडोजची मोजणी 1024 च्या पटीत असते एवढेच. त्यात सुरुवातीला संगणक सुरू करणारा ईएफआयचा छोटा भाग, मग मोठा एनटीएफएस भाग आणि शेवटी रिकव्हरीचा भाग असतो. मोठ्या भागाला अक्षर मिळाले नसेल तर त्यावर राइट-क्लिक करून द्यावे. इथे ते E: धरू.

या वेळी विंडोज काही सूचना पुढे करते. ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का, इनिशियलाइज करायचा का, तपासून दुरुस्त करायचा का. फाइल हातात येईपर्यंत तिन्हींना नकार द्यायचा. दुरुस्तीही नको, कारण ती करणारे chkdsk डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर ते लिहिणेच महागात पडते. आकार शून्य किंवा No Media दिसत असेल, तर केसिंगची चिप संगणकाशी बोलते आहे, पण ड्राइव्ह तिला उत्तर देत नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा ड्राइव्ह पुन्हा नीट बसवून पाहावा आणि दुसरे केसिंग वापरून पाहावे. ड्राइव्ह जोडलेला असताना संगणक रीस्टार्ट करू नये, नाहीतर तो जुन्याच विंडोजवरून सुरू व्हायला जाऊ शकतो.

E: वर कुलूप दिसले तर विंडोजचे बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी सोय, चालू आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच ते आपोआप सुरू होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कुलपाची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते, म्हणून दुसऱ्या संगणकावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. लॅपटॉपचा पासवर्ड किंवा पिन इथे चालत नाही. त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने aka.ms/myrecoverykey वर लॉगिन करावे. तिथल्या यादीत एकापेक्षा जास्त की असतील तर पडद्यावरच्या Key ID ची पहिली 8 अक्षरे जुळवून योग्य ती निवडावी. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची की कंपनीच्या आयटी विभागाकडे असते. की कुठेच सापडली नाही तर तो डेटा गेला असेच धरावे. पैसे घेऊन बिटलॉकर तोडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

फाइल उतरवणे

E:\Users मधला जुना फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. Continue दाबल्यास विंडोज एकेका फाइलच्या परवानग्या बदलत बसते. त्यात बराच वेळ जातो आणि जुन्या ड्राइव्हवर लिहिलेही जाते. त्याऐवजी Command Prompt प्रशासक म्हणून उघडून विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरणे केव्हाही बरे:

```
robocopy E:\Users\office D:\juna /E /B /XJ /R:1 /W:1 /LOG:D:\juna.txt
```

यात office हे जुन्या खात्याच्या फोल्डरचे नाव आणि D:\juna ही फाइल उतरवण्याची जागा. /B बॅकअपच्या अधिकाराने फाइल वाचतो, त्यामुळे परवानग्यांना हात लावावा लागत नाही. /XJ नसेल तर Application Data सारख्या स्वतःकडेच परत नेणाऱ्या दुव्यांत कॉपी गरगरत राहते. /R:1 आणि /W:1 विसरू नयेत. ते दिले नाहीत तर न वाचता येणाऱ्या एका फाइलसाठी रोबोकॉपी 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून प्रयत्न करते. शेवटी juna.txt उघडून FAILED हा रकाना पाहावा. तिथे शून्य नसेल तर कोणत्या फाइल राहिल्या ते वरच लिहिलेले असते.

वेळेचा अंदाज पोर्टवर ठरतो. 200 जीबी डेटा यूएसबी 2.0 वरून साधारण दीड-पावणेदोन तास घेतो, फिरत्या डिस्कवरून यूएसबी 3.0 ने अर्ध्या तासाहून थोडा अधिक. लाखो छोट्या फाइल असतील तर हे दोन्ही अंदाज कोलमडतात.

डेस्कटॉपचा फोल्डर रिकामा निघाला तर घाबरायचे कारण नाही. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे Users\office\OneDrive च्या आत सरकलेले असतात. मात्र त्यांतल्या काही फाइल फक्त नावापुरत्या ड्राइव्हवर असतात, मजकूर क्लाउडमध्ये. त्या कॉपी होत नाहीत आणि लॉगमध्ये error 362 दिसते. त्या ब्राउझरमधून वनड्राइव्हवर जाऊनच उतरवाव्या लागतात.

आपल्या उदाहरणातल्या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे सामान वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये नसतेच. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा C:\Users\Public\TallyPrime\data मध्ये, म्हणजे इथे E: वर त्याच वाटेने, आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांत असतो. प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी, आणि तो फोल्डर अख्खाच उचलायचा. जुनी मराठी पत्रे श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर E:\Windows\Fonts मधले ते फॉन्टही सोबत घ्यावेत. नाहीतर नव्या संगणकावर अर्ज आणि नोटिसा रोमन अक्षरांचा गिचमिड होऊन उघडतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र या मार्गाने येत नाहीत. प्रोफाइलचा फोल्डर कॉपी होतो, पण ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बांधलेले असतात. गूगल खात्याशी सिंक चालू असेल तरच ते नव्या संगणकावर परत दिसतात.